डाऊनलोड झालेली फाइल उघडण्याआधी

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात आता वर्तमानपत्रांच्या टेबलापलीकडे दोन-तीन संगणकांचा कोपरा असतो. तिथे येणारा माणूस बहुतेक वेळा एखादी फाइल मिळवायला आलेला असतो. कुणाला प्रवेशपत्र हवं असतं, कुणाला सातबारा, कुणाला स्पर्धा परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका, कुणाला मुलीच्या वर्गाचं पाठ्यपुस्तक. समोरच्या भिंतीवर सूचना असते, 'व्हायरसपासून सावध राहा. अनोळखी फाइल डाऊनलोड करू नये.' ही सूचना वाचून कुणाला काहीच करता येत नाही. पहिल्यांदा मिळवलेली प्रत्येक फाइल अनोळखीच असते आणि सावध राहायचं म्हणजे नेमकं कुठे बघायचं, हे त्यात सांगितलेलं नसतं.

सूचनेनं डोळ्यांना जागा दाखवायला हवी. वाचनालयांनी संगणकाशेजारी लावावा असा मजकूर मी पुढे देतो. तो मुद्दाम छोटा ठेवला आहे, कारण खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मागे आणखी चार जण उभे असतात.

फाइल कुठून येते आहे, ते वरच्या पत्त्याच्या पट्टीत वाचा.

फाइल उघडण्याआधी तिच्या नावाची शेवटची अक्षरं वाचा. `.pdf`, `.jpg`, `.png` असेल तर उघडा. `.exe`, `.msi`, `.scr`, `.bat`, `.vbs`, `.js`, `.lnk` किंवा `.apk` असेल तर उघडू नका, ग्रंथपालांना बोलवा.

संगणकानं काही विचारलं आणि प्रश्न समजला नाही, तर नकार द्या.

उठण्याआधी आपली फाइल पुसून टाका.

चुकून काही उघडलं गेलं तर लगेच सांगा. कुणी रागावणार नाही.

यातली दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. फाइल नुसती डाऊनलोड झाल्यानं सहसा काही बिघडत नाही. ती डिस्कवर पडून राहते. बिघडतं ते आपण तिच्यावर दोनदा क्लिक केल्यावर. त्या क्षणी विंडोज फाइलच्या नावातला शेवटच्या टिंबानंतरचा भाग बघतं आणि काय करायचं ते ठरवतं. तिथे `pdf` असेल तर वाचण्याचा प्रोग्रॅम उघडतो आणि त्यात ती फाइल दाखवतो. तिथे `exe` असेल तर दाखवण्याचा प्रश्नच नसतो, कारण ती फाइल हाच एक प्रोग्रॅम असतो आणि तो चालू होतो. वाचायची फाइल आणि चालणारी फाइल हा फरक कळला की अर्धं काम झालं. संगणकावरची बहुतेक फसवणूक चालणाऱ्या फाइलला वाचायच्या फाइलचं रूप देण्यावर उभी असते.

हे रूप देणं सोपं का जातं, याचं कारण विंडोजमध्येच आहे. नवा संगणक सुरू केला की त्यात ओळखीच्या फाइलींची शेवटची अक्षरं लपवलेली असतात. `Itihas_10.pdf` नावाची फाइल पडद्यावर नुसती `Itihas_10` दिसते. आता कुणी आपल्या प्रोग्रॅमला `Itihas_10.pdf.exe` असं नाव दिलं, तर विंडोज शेवटचं `.exe` लपवतं आणि आपल्याला `Itihas_10.pdf` दिसतं. चित्रावरही भरवसा ठेवता येत नाही. `exe` फाइलचं चित्र तिच्या पोटातच असतं, त्यामुळे बनवणारा तिथे पीडीएफचं लाल चित्र सहज बसवू शकतो.

ही युक्ती जुनी आहे. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेल्या एका ईमेलला `LOVE-LETTER-FOR-YOU.TXT.vbs` नावाची फाइल जोडलेली होती. कितीतरी लोकांना ती पडद्यावर `.TXT` म्हणजे साधा मजकूर दिसली. त्यांनी ती उघडली आणि त्यांच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तेच पत्र आपोआप गेलं. काही दिवसांत जगभरातले लाखो संगणक त्यात सापडले. त्या वेळी फिलिपिन्समध्ये असा गुन्हा बसेल असा कायदाच नव्हता, त्यामुळे ते पत्र बनवणाऱ्या तरुणाला शिक्षा झाली नाही. पंचवीस वर्षं उलटली तरी शेवटची अक्षरं लपवण्याची विंडोजची सवय तशीच आहे. मला हे फार चुकीचं वाटतं. पण ती सवय मोडायला दहा सेकंद पुरतात आणि ते काम वाचनालयानं प्रत्येक संगणकावर एकदाच करायचं आहे. विंडोज ११ मध्ये कुठलाही फोल्डर उघडून वर `View`, त्यात `Show` आणि त्यात `File name extensions` वर खूण करायची. विंडोज १० मध्ये `View` वर क्लिक केलं की हीच चौकट समोर येते. हे केल्याशिवाय वरची सूचना भिंतीवर लावू नये, कारण जी अक्षरं वाचायला सांगतो आहोत ती वाचकाला दिसणारच नाहीत.

घरच्या किंवा दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावर अक्षरं लपलेली असतील तर एक खूण उपयोगी पडते. आजूबाजूच्या सगळ्या फाइलींची नावं नुसती दिसताहेत आणि एकीच्याच मागे `.pdf` दिसतं आहे, तर तीच संशयाची. तिच्या मागे आणखी काहीतरी लपलेलं आहे.

आता एक प्रसंग पायरी-पायरीनं बघू. दहावीतल्या मुलीचे वडील संध्याकाळी वाचनालयात येतात. मुलीचं इतिहासाचं पुस्तक हरवलं आहे आणि परीक्षा जवळ आली आहे. ते शोधयंत्रात 'दहावी इतिहास पुस्तक पीडीएफ' असं लिहितात. वरचे एक-दोन निकाल जाहिरातींचे असू शकतात. त्यांच्यावर बारीक अक्षरांत `Sponsored` किंवा 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. पैसे भरून ती जागा कुणालाही घेता येते. घाईत त्यातल्या पहिल्यावर क्लिक होतं आणि एक पान उघडतं. पानावर पुस्तकाचं खरं मुखपृष्ठ आहे आणि त्याखाली `Download` लिहिलेली तीन मोठी हिरवी बटणं आहेत.

बाजूला एक छोटी चौकट उघडते. हे संकेतस्थळ तुम्हाला सूचना पाठवू इच्छितं, `Allow` की `Block`, असं ती विचारते. पानावर लिहिलेलं असतं की पुढे जाण्यासाठी `Allow` दाबा. पुस्तक मिळण्याशी या परवानगीचा काही संबंध नसतो. ती दिली की त्या संगणकाच्या कोपऱ्यात पुढे कित्येक दिवस 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडला आहे' अशा खोट्या सूचना येत राहतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खुर्चीवर बसलेला निवृत्त शिक्षक घाबरून त्यातल्या एखादीवर क्लिक करतो. सूचनेतली 'नकार द्या' ही ओळ याच चौकटीसाठी आहे. `Block` दाबायचं. त्यानंतर पान पुस्तक देत नसेल, तर ते पुस्तक देणारं पान नव्हतंच.

आता तीन बटणं. क्लिक न करता माउसचा बाण एकेका बटणावर नेऊन थांबवला, की ब्राउझरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ते बटण कुठे नेणार तो पत्ता सहसा दिसतो. जाहिरातीच्या बटणावर भलत्याच संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता येतो. या वडिलांनी मात्र मधलं बटण दाबलं आहे आणि फाइल डाऊनलोड झाली आहे. अजूनही काही बिघडलेलं नाही. ती फाइल न उघडता `Downloads` फोल्डरमध्ये जायचं, तिच्यावर उजवं क्लिक करून `Properties` निवडायचं. तिथे `Type of file` या ओळीत `Application (.exe)` लिहिलेलं दिसतं. खाली आकार दिसतो, दीड-दोन एमबी. चित्रांनी भरलेलं शंभर पानी पाठ्यपुस्तक सहसा याहून बरंच मोठं असतं. आकाराची खूण पक्की नाही, कारण फाइल मुद्दाम फुगवताही येते, पण `Application` हा शब्द पक्का आहे. पुस्तक कधीही `Application` नसतं. फाइल तिथूनच पुसायची.

याच चौकटीत अगदी खाली कधीकधी एक ओळ दिसते, की ही फाइल दुसऱ्या संगणकावरून आली आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला ब्राउझर एक अदृश्य शिक्का मारतो. त्या शिक्क्यामुळेच विंडोज अनोळखी प्रोग्रॅम उघडण्याआधी निळी पाटी दाखवून थांबवतं, वर्ड फाइल आधी फक्त वाचण्यापुरती उघडतं आणि २०२२ पासून अशा फाइलीतले मॅक्रो, म्हणजे कागदाच्या आत दडलेले छोटे प्रोग्रॅम, मायक्रोसॉफ्ट ऑफिस आपणहून बंद ठेवू लागलं. आपल्याकडे महत्त्वाचं हे, की हा शिक्का विंडोजच्या डिस्कच्या रचनेवर टिकतो. आपले पेन ड्राइव्ह बहुधा वेगळ्या रचनेचे असतात. वाचनालयात डाऊनलोड केलेली फाइल पेन ड्राइव्हवर घेतली की शिक्का गळून पडतो आणि घरच्या संगणकावर ती उघडताना कुठलीच पाटी येत नाही. म्हणून तपासणी वाचनालयातच करायची, पेन ड्राइव्हवर घेण्याआधी. 'घरी जाऊन बघू' यात सुरक्षिततेचा एक थर आपण स्वतःच काढून टाकतो.

झिप फाइलीचं थोडं वेगळं आहे. बाहेरून `.zip` दिसतं आणि खरी अक्षरं आत असतात, त्यामुळे आत डोकावून पुन्हा तीच तपासणी करावी लागते. पानावर 'पासवर्ड १२३४' असं देऊन झिप फाइल दिली असेल तर ती सोडून द्यावी. सर्वांना फुकट वाटायच्या पुस्तकाला कुलूप लावून किल्ली शेजारी ठेवायचं कारण एकच असतं, अँटिव्हायरसला आत बघता येऊ नये.

पीडीएफ उघडा, असं मी सूचनेत सरळ लिहिलं आहे, पण तिलाही एक मर्यादा आहे. ती ब्राउझरमध्येच उघडावी. क्रोम आणि एज दोन्ही पीडीएफ स्वतः दाखवतात आणि उरलेल्या संगणकापासून तिला वेगळं ठेवतात. उघडलेल्या पीडीएफमध्ये पान धूसर असेल आणि मध्ये 'स्पष्ट दिसण्यासाठी इथे क्लिक करा' असं बटण असेल, तर ती फाइल आपल्याला दुसऱ्या फाइलीकडे ढकलते आहे. तिथेच थांबायचं.

मग त्या वडिलांना पुस्तक मिळणार कुठून? इथे सूचनेची पहिली ओळ येते. राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची म्हणजे बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात `ebalbharati.in` वर फुकट मिळतात. पत्ता माहीत असता तर शोधयंत्रात जायची आणि जाहिरातीत अडकायची वेळच आली नसती. म्हणून सूचनेच्या शेजारी दुसरा कागद लावावा. गावातल्या लोकांना नेहमी लागणारे दहा-बारा पत्ते ग्रंथपालांनी स्वतः तपासून त्यावर मोठ्या अक्षरांत छापावेत आणि ब्राउझरच्या पट्टीवर बुकमार्क करून ठेवावेत. वाचनालयानं फसवणूक थांबवण्यासाठी करायच्या कामांत हे मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं.

यादीत नसलेला पत्ता वाचायचीही एक रीत आहे. `https://` च्या पुढे जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते तिथे बोट ठेवायचं आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचायचं. मालक कोण ते रेघेच्या लगतचे शब्द सांगतात. मंडळाचे निकाल `mahresult.nic.in` वर लागत आले आहेत. आता हा कल्पित पत्ता पाहा:

```
https://mahresult.nic.in.nikal-pdf.example/10vi
```

डावीकडून वाचलं तर तो मंडळाचा वाटतो. रेघेपासून मागे वाचलं तर आधी `nikal-pdf.example` लागतं आणि तोच खरा मालक आहे. पुढचं `mahresult.nic.in` हे त्यानं स्वतःच्या दारावर रंगवलेलं दुसऱ्याचं नाव आहे. `.gov.in` आणि `.nic.in` हे शेवट सरकारी कार्यालयांनाच मिळतात, पण नुसतं `.in` कुणालाही विकत घेता येतं. बालभारतीचा पत्ता खरा असूनही नुसत्या `.in` नं संपतो, त्यामुळे शेवट पाहून प्रत्येक वेळी निकाल लावता येत नाही आणि छापील यादीला पर्याय राहत नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावरून तर काहीच ठरवू नये. आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यामधली वाहतूक तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढंच कुलूप सांगतं. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, असं ते कधीच सांगत नव्हतं. लोक तसा अर्थ घेतात हे पाहून क्रोमनं २०२३ मध्ये ते चित्र काढून टाकलं.

यादीतल्या `.apk` बद्दल वाचक विचारतात, ती तर संगणकावर चालतच नाही. खरं आहे, ती अँड्रॉइड फोनसाठी असते. पण लग्नाची पत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली अशी फाइल उघडून लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. पत्रिका आणि पावती या वाचायच्या गोष्टी आहेत. त्या `.apk` असूच शकत नाहीत, मग त्या वाचनालयात उघडा की बसस्टँडवर.

आता उठण्याआधीची ओळ. सामायिक संगणकाचा `Downloads` फोल्डर उघडून पाहिला तर आत आधार कार्डं, पगाराच्या पावत्या, मुलींची फोटोसकट प्रवेशपत्रं, भाडेकरार असं सगळं सापडतं. माणसं छापून घेतात, कागद पिशवीत घालतात आणि निघून जातात. मूळ फाइल मागे राहते. पुष्कळांना वाटतं, आपण खासगी खिडकी म्हणजे इन्कॉग्निटो वापरली होती, तेव्हा सगळं आपोआप गेलं असेल. खिडकी बंद केली की त्या बैठकीचा इतिहास आणि लॉग-इन जातं, डाऊनलोड केलेली फाइल मात्र डिस्कवर तशीच राहते. ती हातानंच पुसावी लागते. फाइल निवडायची आणि `Shift` दाबून धरून `Delete` दाबायचं, म्हणजे ती रीसायकल बिनमध्येही उरत नाही. खास सॉफ्टवेअर वापरून कुणी अशी पुसलेली फाइल परत मिळवू शकतो, पण पुढच्या खुर्चीवरच्या सहज डोकावणाऱ्यापासून ती नक्की वाचते आणि वाचनालयात प्रश्न बहुतेक वेळा तेवढाच असतो. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून फाइल घेतली असेल तर फोनमधल्या `Linked devices` मध्ये जाऊन तो संगणक काढून टाकायचा, नाहीतर आपल्या गप्पा तिथे उघड्या राहतात.

ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो, म्हणून ती राहिली तरी चालेल, असंही ऐकू येतं. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. गावात या दोन्ही गोष्टी शेजाऱ्याला माहीत असतात. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं पत्रक काढलं होतं. सार्वजनिक संगणकावर ई-आधार डाऊनलोड करणं टाळा आणि करावंच लागलं तर त्याच्या सगळ्या प्रती कायमच्या पुसा, असं त्यात होतं. ते पत्रक दोन दिवसांत मागे घेतलं गेलं, कारण आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका या त्यातल्या दुसऱ्या भागावरून लोकांचा गैरसमज होईल असं सरकारला वाटलं. प्रती पुसण्याचा सल्ला मात्र तेव्हाही योग्य होता आणि आजही आहे. जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार घ्यावं. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात.

कितीही सांगितलं तरी काही फाइली मागे राहणारच. त्यासाठी विंडोजच्या `Settings` मध्ये `Storage Sense` आहे. त्यात `Downloads` फोल्डरमधल्या, एक दिवस न उघडलेल्या फाइली आपोआप पुसण्याची सोय आहे. ती ग्रंथपालांनी चालू करावी आणि तसं सूचनेखाली लिहावं, म्हणजे आपली फाइल उद्या मिळेल या भरवशावर कुणी राहणार नाही. वाचकांसाठीचं खातं साध्या वापरकर्त्याचं असावं, प्रशासकाचं नसावं. मग नवा प्रोग्रॅम बसवताना संगणक बहुधा पासवर्ड मागतो आणि वाचक तिथे थांबतो. पण हे कवच अपुरं आहे. पासवर्ड चोरणारे कित्येक प्रोग्रॅम काहीही न बसवता, साध्या खात्यातच चालतात आणि ब्राउझरमध्ये जपून ठेवलेली लॉग-इन उचलून नेतात. त्यात फाइल उघडणाऱ्याचं जेवढं जातं, तेवढंच आधी त्या खुर्चीवर बसून लॉग-आउट न करता गेलेल्याचंही जातं.

म्हणूनच सूचनेत शेवटची ओळ आहे आणि ती कुणी गाळू नये असं मला मनापासून वाटतं. `exe` उघडली गेली आणि पडद्यावर काहीच झालं नाही, असं पुष्कळदा घडतं. माणूस दोनदा क्लिक करून बघतो, पुस्तक उघडत नाही, तो गप्प उठून जातो. ओरडा बसेल या भीतीनं तो बोलला नाही, तर पुढचे दहा जण त्याच संगणकावर आपले पासवर्ड टाकतात. त्यानं सांगितलं तर काम सोपं असतं. नेटवर्कची वायर काढायची, संगणकावर 'बंद आहे' अशी चिठ्ठी लावायची, कुणालाही त्यावर ओटीपी किंवा पासवर्ड टाकू द्यायचा नाही आणि जाणकाराकडून तो तपासून, गरज पडल्यास विंडोज नव्यानं टाकून मगच सुरू करायचा. त्या दिवशी तिथे ज्यांनी लॉग-इन केलं होतं, त्यांना वहीतल्या नोंदीवरून फोन करायचा. त्यांनी दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून आपला पासवर्ड बदलावा आणि सगळीकडून लॉग-आउट करावं. कुणाच्या खात्यातून पैसे गेले असतील तर आधी बँकेला आणि लगेच १९३० या क्रमांकावर कळवायचं. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पुढच्या खात्यात पोचलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. हा क्रमांक सूचनेच्या तळाशी, वाचनालयाच्या वेळेच्या वर, ठळक छापावा.